नमस्कारानंतरचं वाक्य

तहसील कचेरीतल्या अभिलेख कक्षाच्या दारात थोडा वेळ उभं राहा. येणारा माणूस खिडकीशी वाकतो आणि म्हणतो, "साहेब, एक काम होतं." कारकून मान वर न करता "बोला" म्हणतो. मग आजोबांपासून गोष्ट सुरू होते. आजोबांना तिघे मुलगे, थोरल्यानं वाटणी कशी केली, चुलत्यांनी सही का दिली नाही. गोष्ट खरी असते आणि सांगणाऱ्याचा जीवही त्यात अडकलेला असतो. पण कारकुनाला हवा असतो फक्त गावाचा आणि फेरफाराचा नंबर, आणि तो काही त्या गोष्टीत येत नाही. दोन मिनिटांनी तो म्हणतो, "तलाठ्याकडे चौकशी करा." माणूस परत फिरतो आणि घरी जाऊन सांगतो, की कचेरीत कोणी नीट बोलत नाही.

खिडकीवरचं स्वागत दोन वाक्यांचं असतं. पहिल्यानं समोरच्याची मान वर होते आणि दुसऱ्यानं त्याचा हात कामाला लागतो. आपण पहिल्यावर फार भर देतो आणि दुसरं घरी विसरून येतो.

पहिलं वाक्य साधंच असावं. "नमस्कार साहेब" किंवा "नमस्कार मॅडम" एवढं पुरतं. गावाकडे तलाठ्याला, ग्रामसेवकाला बऱ्याच भागांत भाऊसाहेब म्हणतात, तहसीलदारांना रावसाहेब म्हणतात, आणि ते तिथं शोभतं. कारकून बाई वयानं लहान असल्या तरी "ताई" चालतं, पण "मावशी" टाळावं. त्या आपल्या नात्यातून नाही, तर त्यांच्या पदावरून बोलत असतात. अनोळखी माणसाशी "नमस्कार"नं सुरुवात करावी. त्यांनी रामराम, जय भीम किंवा जय हरी म्हटलं, तर तेच परत म्हणावं. 2022च्या ऑक्टोबरात राज्य सरकारनं शासन निर्णय काढून कर्मचाऱ्यांना फोनवर "हॅलो"ऐवजी "वंदे मातरम्" म्हणायला सांगितलं. खिडकीशी येणाऱ्या नागरिकानं काय म्हणावं याचा असा काही ठरलेला पाठ नाही, आणि ते बरंच आहे.

शिपायाला मात्र वगळू नये. अभिलेख कक्षात मांडणीवरून रुमाल उतरवणारा बहुतेक वेळा तोच असतो. रुमाल म्हणजे जुने कागद ज्या कापडात बांधून ठेवतात ते गाठोडं. कोणत्या गावाचा रुमाल कोणत्या फळीवर आहे, हे त्याला पाठ असतं. "मामा, नमस्कार" म्हणून त्याला विचारलं, की कोणत्या टेबलापाशी थांबायचं ते कळतं, आणि निम्मी वणवण तिथंच वाचते.

आता दुसरं वाक्य. समजा, जुन्नर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर त्याच्या आत्याचं नाव नाही. ते कधी आणि कशानं गेलं हे त्याला पाहायचं आहे. त्यासाठी जुन्या फेरफाराची नक्कल लागते. तो नंबर शोधायला कचेरीत जावं लागत नाही, तो घरातल्या कागदावर असतो. जुना, हातानं लिहिलेला सातबारा काढून पाहिला, की खातेदाराच्या नावाजवळ एक आकडा वर्तुळात लिहिलेला दिसतो. तो फेरफाराचा नंबर. त्या नावाची नोंद कोणत्या फेरफारानं झाली, हे तो सांगतो. फेरफाराची वही गाववार असते आणि नंबर त्या गावापुरते क्रमानं चालतात. म्हणून गाव आणि नंबर एवढं सांगितलं तरी पान सापडतं. साधारण साल सांगितलं तर कोणती वही उघडायची तेही कळतं.

एक अडचण इथं हमखास येते. जमिनींचं एकत्रीकरण झालेल्या गावात आज गट नंबर चालतो, पण त्याआधीच्या फेरफारात जुना सर्व्हे नंबर लिहिलेला असतो. माणूस गट नंबर सांगत राहतो, कारकून पानं उलटतो आणि "सापडत नाही" म्हणतो. दोघंही खरं बोलत असतात. म्हणून दोन्ही नंबर एका चिठ्ठीवर लिहून न्यावेत.

तर आपला शेतकरी खिडकीशी येतो. कारकून नोंदवहीत काहीतरी लिहीत आहे. ओळ पूर्ण होईपर्यंत तो थांबतो. कारकुनानं मान वर केली, की म्हणतो, "नमस्कार साहेब. फेरफाराची नक्कल हवी होती. गाव, फेरफार नंबर आणि अंदाजे साल यावर लिहिलंय." आणि चिठ्ठी पुढे सरकवतो. आत्याचं नाव त्यानं अजून काढलेलंही नाही. कारकून चिठ्ठी वाचतो आणि एक तर "अर्ज करा, कोर्ट फीचं तिकीट लावा" म्हणतो, नाहीतर "ही वही अजून तलाठ्याकडेच आहे" असं सांगतो. दुसरं उत्तर मिळालं तरी वाईट नाही, कारण अलीकडच्या वह्या तलाठी कार्यालयात असतात आणि जुन्या तहसीलला येतात. माणूस अर्ध्या मिनिटात योग्य रस्त्याला लागतो.

बँकेतही हाच नियम, फक्त वेळ साधायची असते. रोखपाल नोटा मोजत असताना नमस्कारसुद्धा करू नये, मोजणी चुकते आणि पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. बंडल खाली ठेवेपर्यंत थांबून भरलेली स्लिप आणि पासबुक एकदम पुढे करावं. सरकारी कचेरीत दुपारी एक ते दोनच्या दरम्यान अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी असते. तेव्हा टेबल रिकामं दिसलं, तर त्यावरून चिडू नये.

"माझी वरपर्यंत ओळख आहे" असं म्हणून किंवा मोबाइलचा कॅमेरा सुरू करून सुरुवात करणारे लोक मला फार चुकीचे वाटतात. प्रत्येक कागदावर कारकुनाची सही राहते. समोरचा भांडायला आला आहे असं दिसलं, की तो स्वतःला सांभाळतो आणि प्रत्येक गोष्ट लेखी मागतो. त्यात त्याची चूकही काढता येत नाही.

याचा अर्थ कितीही हेलपाटे निमूटपणे घालावेत असा मुळीच नाही. "उद्या या" म्हटलं तर विचारावं, "उद्या किती वाजता येऊ, आणि येताना काय आणू?" या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. ते त्यांच्यासमोर चिठ्ठीवर लिहून घ्यावं. अर्ज दिला की आवक-जावक टेबलावरून त्याची पोच घ्यावी. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर पाहिजे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 सालचा आहे. अधिसूचित सेवांना त्यात मुदत ठरलेली असते आणि मुदत टळली तर वरिष्ठांकडे अपील करता येतं. पण ते पोचेवरच्या तारखेशिवाय उभं राहत नाही. चहापाण्याचा विषय निघाला, तर स्वर तोच ठेवून म्हणावं, "साहेब, जी फी असेल तिची पावती द्या."

नक्कल हातात आल्यावर खिडकी लगेच सोडू नये. ती तिथंच वाचावी : गावाचं नाव, फेरफार नंबर, पानं पूर्ण आहेत का, खरी नक्कल असल्याचा शिक्का आणि सही आहे का. शिक्का राहिला असेल, तर "मॅडम, एवढा शिक्का राहिला बघा" म्हटल्यावर तो तेव्हाच मिळतो. चार दिवसांनी पुन्हा आलं, तर त्यासाठी रांग धरावी लागते.