व्हिडिओतल्या तासाची लेखी बाजू

मार्च 2017 मध्ये बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने वीस हजारांहून अधिक व्हिडिओ आणि ध्वनिफिती लोकांसाठी बंद केल्या. वर्षानुवर्षं मोफत पाहता येणारे वर्गातले तास एकदम दिसेनासे झाले. त्याआधी, ऑगस्ट 2016 मध्ये, अमेरिकेच्या न्याय खात्याने विद्यापीठाला पत्र पाठवलं होतं. कर्णबधिरांच्या गॅलॉडेट विद्यापीठातल्या दोन कर्मचाऱ्यांच्या तक्रारीवरून चौकशी झाली होती. अनेक व्हिडिओंना सबटायटल नव्हती. काहींना होती ती यंत्राने आपोआप केलेली आणि चुकांनी भरलेली, असा त्या पत्राचा एक मुख्य आक्षेप होता. सगळं दुरुस्त करण्याचा खर्च पेलण्याऐवजी विद्यापीठाने व्हिडिओ काढून घेणं पसंत केलं. हा मार्ग कुणाच्याच फायद्याचा नव्हता.

यूट्यूबवर आपोआप सबटायटल 2009 पासून आहेत आणि तेव्हापासून त्यांत खूप सुधारणा झाली आहे. मग स्वतःची फाइल चढवायची कशाला? यंत्र नेमकं कुठे चुकतं, ते पाहिलं की याचं उत्तर मिळतं. ‘आता आपण पुढे जाऊ’ हे वाक्य ते बिनचूक लिहितं. अडखळतं ते एंट्रॉपीपाशी, शास्त्रज्ञांच्या नावांपाशी, सूत्रांपाशी. आपल्याकडचे प्राध्यापक तर एकाच वाक्यात मराठीवरून इंग्रजीवर येतात आणि यंत्र बहुधा एकच भाषा धरून बसलेलं असतं. ऐकू न येणारा विद्यार्थी अडतो तो नेमका याच शब्दांवर. शोधणाराही हेच शब्द टाइप करतो. त्यामुळे एकदा केलेली दुरुस्ती दोघांच्याही कामी येते.

समजा, थर्मोडायनॅमिक्सचा चाळीस मिनिटांचा तास आहे. सर्वांत प्रचलित असलेली एसआरटी फाइल म्हणजे साधा मजकूर असतो: आधी क्रमांक, मग ओळ कधी यावी आणि कधी जावी ती वेळ, मग बोललेले शब्द आणि शेवटी एक रिकामी ओळ.

```
1
00:00:04,200 --> 00:00:07,900
बंद प्रणालीची एंट्रॉपी
कधी वाढते, ते पाहू.
```

सेकंदांनंतर स्वल्पविराम हवा. पूर्णविराम दिला तर काही ठिकाणी फाइल नाकारली जाते. फाइल यूटीएफ-8 मध्ये साठवावी, नाहीतर देवनागरीच्या जागी कचरा दिसतो. यूट्यूब स्टुडिओत `Subtitles` मध्ये भाषा निवडून `Upload file` दाबलं की `With timing` आणि `Without timing` असे पर्याय येतात. दुसऱ्या पर्यायात नुसता मजकूर दिला की वेळा यूट्यूब जुळवतं. पण त्या भाषेचं बोलणं त्याला ओळखता यायला हवं आणि आवाज स्वच्छ हवा. तास लांबलचक असेल किंवा वर्गात गोंगाट असेल तर जुळणी बिघडते.

चढवल्यावर सुरुवात आणि शेवट दोन्ही तपासावेत. दोन्हीकडे सारखाच उशीर दिसला तर बहुतेक वेळा सुरुवातीला महाविद्यालयाचं बोधचिन्ह जोडलेलं असतं किंवा काही भाग कापलेला असतो. सगळ्या वेळा तेवढ्याने सरकवल्या की झालं. उशीर हळूहळू वाढत गेला असेल तर फाइल दुसऱ्याच वेगाच्या प्रतीवरून केलेली आहे, असं समजावं.

आता शोधाविषयी, कारण इथे आश्वासनं फार वाटली जातात. 2014 मध्ये डिस्कव्हरीच्या डिजिटल विभागाच्या यूट्यूब वाहिन्यांवर केलेल्या अभ्यासात सबटायटल दिल्यावर प्रेक्षकसंख्या सुमारे 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. मात्र तो अभ्यास सबटायटल विकणाऱ्या कंपनीचा होता आणि ते व्हिडिओ वर्गातल्या तासांचे नव्हते. शीर्षक, वर्णन आणि लोक किती वेळ पाहतात, याचं वजन सबटायटलपेक्षा मोठं आहे. फाइलमध्ये ‘एंट्रॉपी’ असलं तरी बरेच विद्यार्थी रोमन लिपीत `entropy` शोधतात. तो शब्द वर्णनात यायलाच हवा.

महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर मात्र संपूर्ण लेखी प्रतीचा उपयोग अधिक स्पष्ट दिसतो. व्हिडिओखाली ती मजकूर म्हणून दिली की शोधयंत्राला चाळीस मिनिटांचं बोलणं वाचता येतं. चित्रातच कोरलेली सबटायटल त्याला अशी वाचता येत नाहीत आणि प्रेक्षकाला ती बंदही करता येत नाहीत. फळ्याचा खालचा भाग झाकला जातो तो वेगळाच.

लेखी प्रतीत सबटायटलपेक्षा थोडं जास्त हवं. ‘हे इथून तिकडे गेलं’ एवढंच लिहिलं तर दृष्टिहीन विद्यार्थ्याला काहीच कळत नाही. तिथे ‘उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे गेली’ असं लिहावं लागतं. हे काम नंतर टंकलेखकावर सोपवण्यापेक्षा प्राध्यापकांनी फळ्यावर लिहिताना सूत्र मोठ्याने वाचावं. त्याला वेगळा खर्च नाही आणि सबटायटलही आपोआप सुधारतात.