साडेतीनशे किलोमीटरची तार आणि दहा-वीस मीटरचे अंतर

बदलत्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचे गणित करताना प्रत्येक क्षण स्थिर मानून उत्तर काढण्याच्या रीतीला स्थिरवत सन्निकटन म्हणतात. बदलाची खबर प्रकाशाच्या वेगाने पसरते. यंत्रणेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती पोचायला लागणारा वेळ बदलाच्या वेळेपेक्षा फार कमी असेल, तरच ही रीत चालते. म्हणजेच यंत्रणेची लांबी तरंगलांबीच्या मानाने नगण्य हवी.

वीजपुरवठ्याच्या 50 हर्ट्झला तरंगलांबी सुमारे 6000 किलोमीटर भरते. घरातल्या वायरिंगला हा प्रश्नच येत नाही. वर्ध्याच्या 765 केव्ही उपकेंद्रातून निघणाऱ्या लांब वाहिन्यांना मात्र तो येतो. वर्धा ते छत्रपती संभाजीनगर सरळ अंतर सुमारे 350 किलोमीटर आहे. एवढी वाहिनी पलीकडच्या टोकाला भाराविना उघडी ठेवली, तर साधे गणित दोन्ही टोकांना समान व्होल्टेज सांगते. प्रत्यक्षात 350 किलोमीटर म्हणजे तरंगाचा 21 अंशांचा भाग. उघड्या टोकाचे व्होल्टेज 21 अंशांच्या कोसाइनने भागावे लागते, म्हणून ते सुमारे सात टक्क्यांनी चढते. 765 केव्हीचे जवळपास 819 होतात आणि 800 केव्हीची कमाल मर्यादा ओलांडली जाते. ही वाढ आवरण्यासाठी शंट रिअ‍ॅक्टर बसवतात. लांबी निम्मी केली की चूक पावणेदोन टक्क्यांच्या आत येते, कारण ती लांबीच्या वर्गाप्रमाणे वाढते.

तरीही स्थिरवत रीत इथे पूर्ण बाद होत नाही, आणि विषयाची खरी गंमत यातच आहे. तारांमधले अंतर दहा-वीस मीटरच असते. त्यामुळे आडव्या दिशेने धारिता आणि प्रेरकत्व स्थिर क्षेत्रांवरूनच काढतात. तरंग मोजावा लागतो तो फक्त लांबीच्या दिशेने.

वीज कोसळली की हिशेब पालटतो. चाचणीसाठी ठरवलेला प्रमाणित विद्युताघात 1.2 मायक्रोसेकंदात शिखर गाठतो. तेवढ्यात तरंग जेमतेम 360 मीटर जातो. म्हणजे दोन मनोऱ्यांमधली तारसुद्धा आता ‘लांब’ ठरते.

उपकेंद्रात याचा फटका ठळक दिसतो. लाइटनिंग अरेस्टर ट्रान्सफॉर्मरपासून 30 मीटरवर आहे आणि व्होल्टेज मायक्रोसेकंदाला 1000 केव्हीने चढते आहे, असे धरू. तरंगाला तिथवर जायला 0.1 मायक्रोसेकंद लागतो. ट्रान्सफॉर्मर या लाटेला जवळजवळ उघड्या टोकासारखा भासतो, म्हणून ती परत उलटते. अरेस्टरने व्होल्टेज रोखल्याची खबर ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचेपर्यंत तिथले व्होल्टेज दुप्पट वेगाने चढत राहते आणि अरेस्टरपेक्षा सुमारे 200 केव्ही पुढे जाते. साध्या परिपथाच्या गणितात दोन्ही ठिकाणी एकच व्होल्टेज निघते, त्यामुळे अरेस्टर नीट काम करूनही इन्सुलेशन का फुटले, हे त्यातून कळत नाही.

म्हणून अरेस्टर ट्रान्सफॉर्मरच्या शक्य तितका जवळ बसवावा लागतो. तिथे किलोमीटर नव्हे, मीटर मोजावे लागतात.