क्रमांक विभागून देताना

डिसेंबर १९४५ मध्ये ‘बायोमेट्रिक्स बुलेटिन’ या नियतकालिकात चार पानांचा एक लेख आला. लेखक होते फ्रँक विल्कॉक्सन, अमेरिकन सायनामिड या कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ. कीटकनाशकांच्या चाचण्यांतून आकड्यांचे ढीग त्यांच्यापुढे पडत आणि दोन औषधांतलं सरस कोणतं, हे ठरवण्याची एखादी सोपी रीत त्यांना हवी होती. लेखातल्या एका उदाहरणात माश्या मारायच्या दोन फवाऱ्यांची तुलना आहे. प्रत्येक फवारा आठ वेळा वापरला आणि दर वेळी शेकडा किती माश्या मेल्या ते नोंदवलं:

अ: ६८, ६८, ५९, ७२, ६४, ६७, ७०, ७४
ब: ६०, ६७, ६१, ६२, ६७, ६३, ५६, ५८

विल्कॉक्सन यांनी आकडे बाजूला ठेवून त्यांचे क्रमांक घेतले. दोन्ही गटांचे सोळा आकडे एकत्र करायचे, लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचे, १ ते १६ क्रमांक द्यायचे आणि मग प्रत्येक गटाच्या वाट्याला आलेल्या क्रमांकांची बेरीज करायची. एखादा आकडा भलताच मोठा आला तरी त्याला फार तर सोळावा क्रमांक मिळतो, त्यामुळे एकट्यादुकट्या विचित्र नोंदीने निकाल फिरत नाही.

पण हे आकडे रांगेत लावायला घेतले की आठव्या क्रमांकानंतर अडतं. ५६, ५८, ५९, ६०, ६१, ६२, ६३, ६४ यांना १ ते ८ क्रमांक बिनतक्रार मिळतात. पुढे ६७ तीनदा आहे: एकदा अ मध्ये, दोनदा ब मध्ये. नववा, दहावा आणि अकरावा या जागा त्यांच्याच आहेत, पण कोणती जागा कोणाची?

जागा एकत्र करून वाटणी

एकांकिका स्पर्धेत दोन संघांना सारखे गुण पडले की दुसरं पारितोषिक ‘विभागून’ देतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या बक्षिसाची रक्कम एकत्र करून दोघांना निम्मी निम्मी दिली, तर कोणावर अन्याय होत नाही आणि आयोजकांचा एकूण खर्चही बदलत नाही. बरोबरीतल्या आकड्यांचंही असंच करतात. त्यांनी मिळून ज्या जागा अडवल्या आहेत, त्यांची सरासरी प्रत्येकाला द्यायची. या सरासरीला मध्य-क्रमांक म्हणू.

तिन्ही ६७ ना (९ + १० + ११) ÷ ३ = १० हा क्रमांक मिळतो. पुढे ६८ दोनदा आहे. त्या दोघांच्या जागा बारावी आणि तेरावी, म्हणून प्रत्येकी १२.५. मग ७० ला १४, ७२ ला १५, ७४ ला १६. बरोबरीनंतरचा आकडा अकरावा होत नाही, चौदावाच राहतो, कारण मधल्या जागा भरलेल्या आहेत.

आता बेरजा करू.

अ: १२.५ + १२.५ + ३ + १५ + ८ + १० + १४ + १६ = ९१
ब: ४ + १० + ५ + ६ + १० + ७ + १ + २ = ४५

दोन्ही मिळून १३६. एक ते सोळा यांची बेरीजही १६ × १७ ÷ २ = १३६ च येते. हा ताळा प्रत्येक वेळी करावा. तिन्ही ६७ ना ‘नववा’ आणि दोन्ही ६८ ना ‘बारावा’ असा गुणवत्ता यादीसारखा क्रमांक दिला असता, तर बेरीज १३२ भरली असती आणि चूक तिथेच कळली असती.

पण एक चूक या ताळ्यातून निसटते. तिन्ही ६७ ना कागदावर ज्या क्रमाने लिहिलेत त्या क्रमाने ९, १०, ११ देऊन टाकले, तर एकूण बेरीज १३६ च राहते. मात्र अ चा ६७ आधी लिहिला असेल तर अ ची बेरीज ९०, मध्ये असेल तर ९१ आणि शेवटी असेल तर ९२. म्हणजे उत्तर माश्यांवर नाही, नोंदवहीतल्या ओळींवर अवलंबून राहतं. मध्य-क्रमांकांनी मिळालेली ९१ ही या तीन उत्तरांची सरासरी आहे. जो क्रम आकड्यांत नाहीच, तो आपण मनाने ठरवला नाही, एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही ६८ अ गटातच असल्यामुळे त्यांना १२ आणि १३ दिले काय किंवा १२.५-१२.५ दिले काय, अ ची बेरीज तीच राहते.

हाच न्याय दुसऱ्या वाटेनेही दिसतो. १९४७ मध्ये मान आणि व्हिटनी यांनी याच चाचणीचं जे रूप मांडलं, त्यात अ चा प्रत्येक आकडा ब च्या प्रत्येक आकड्याशी भिडवतात. इथे अशा ६४ जोड्या होतात. अ मोठा असेल तर एक गुण, बरोबरी असेल तर अर्धा. अ चा ६७ ब च्या सहा आकड्यांना हरवतो आणि दोघांशी बरोबरी करतो, म्हणून त्याला ६ + १ = ७ गुण. आठही आकड्यांचे गुण मिळवले की ५५ होतात. क्रमांकांच्या बेरजेतून, म्हणजे ९१ मधून, आठ जणांची किमान बेरीज ३६ वजा केली तरी ५५ च. संगणकावर ९१ ऐवजी ५५ दिसलं तर गोंधळून जाऊ नये. चाचणी एकच आहे.

बेरीज तीच, पसरण कमी

फवारे सारखेच असते तर अ ची बेरीज ६८ च्या आसपास यायला हवी होती, कारण ६८ हे १३६ चं निम्मं. ती आली ९१. हा २३ चा फरक मोठा आहे का, हे ठरवायला निव्वळ योगायोगाने ही बेरीज किती इकडेतिकडे होऊ शकते, ते माहीत हवं. बरोबरीचं काम निम्म्यावर सोडलं जातं ते इथेच.

मध्य-क्रमांक दिल्याने क्रमांकांची बेरीज बदलत नाही, पण त्यांची पसरण कमी होते. ९, १०, ११ यांच्या वर्गांची बेरीज ३०२. त्यांच्या जागी तीन दहा ठेवले की ३००. दोनची घट. १२ आणि १३ यांच्या वर्गांची बेरीज ३१३, तर दोन साडेबारांची ३१२.५. अर्ध्याची घट. एकूण घट २.५. एक ते सोळा या क्रमांकांच्या सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज ३४० असते, ती इथे ३३७.५ झाली.

अ च्या बेरजेचं प्रचरण या संख्येला ६४ ÷ २४० ने गुणून मिळतं. (६४ म्हणजे ८ × ८ आणि २४० म्हणजे १६ × १५.) बरोबरी विचारात घेतली नाही तर ते ९०.६७ येतं, घेतली तर ९०. त्याचं वर्गमूळ, म्हणजे प्रमाण विचलन, सुमारे ९.४९. फरक २३ आहे. क्रमांक टप्प्याटप्प्याने वाढतात म्हणून त्यातून अर्धा वजा करण्याची पद्धत आहे. २२.५ ÷ ९.४९ = २.३७. फवारे सारखे असताना निव्वळ योगायोगाने, कोणत्याही बाजूला, एवढा किंवा याहून मोठा फरक पडण्याची शक्यता शंभरात दोनपेक्षा थोडी कमी, सुमारे १.८. अ फवारा सरस म्हणायला हा बऱ्यापैकी भक्कम आधार आहे.

आर या संगणक प्रणालीत हेच काम चार ओळींत होतं:

```
A <- c(68, 68, 59, 72, 64, 67, 70, 74)
B <- c(60, 67, 61, 62, 67, 63, 56, 58)
rank(c(A, B))
wilcox.test(A, B, exact = FALSE)
```

`rank` काही न सांगता मध्य-क्रमांकच देतं. एक्सेलमध्ये मात्र `RANK.AVG` निवडावं लागतं आणि शेवटी १ लिहून लहानापासून क्रम मागावा लागतो. `RANK.EQ` सर्वांना वरची जागा देऊन मोकळं होतं.

बरोबऱ्या फार झाल्या की

विल्कॉक्सन यांच्या आकड्यांत बरोबऱ्या मोजक्या, म्हणून दुरुस्तीही नाममात्र. आता समजा सोळा जणांना ‘गुण आला का?’ एवढंच विचारलं. बारा जण ‘हो’ म्हणाले, चार जण ‘नाही’, आणि चारही ‘नाही’ ब गटातले निघाले. चार ‘नाही’ना प्रत्येकी २.५ आणि बारा ‘हो’ना प्रत्येकी १०.५ क्रमांक मिळतो. अ ची बेरीज ८४, अपेक्षित ६८. पण प्रचरण आता ९०.६७ वरून थेट ५१.२ वर उतरतं. दुरुस्ती केली नाही तर अशा फरकाची शक्यता शंभरात दहा दिसते. केली तर तीन.

मग तीन हे खरं उत्तर का? तेही नाही. इथे मोजदाद हातानेच होते. सोळा जणांतून ‘नाही’ म्हणणारे चार निवडायचे १,८२० मार्ग आहेत. चारही ब मध्ये पडण्याचे ७०, चारही अ मध्ये पडण्याचे ७०. १४० भागिले १,८२०, म्हणजे शंभरात सुमारे ७.७. दुरुस्तीने पसरण बरोबर केली, पण हे सगळं गणित बेरजांचा आलेख घंटेच्या आकाराचा आहे असं गृहीत धरून चाललं होतं. इथे बेरीज आठाआठाच्या उड्या मारते. अशा पायऱ्यांवर घंटा बसत नाही.

म्हणून गट लहान आणि बरोबऱ्या पुष्कळ असतील, तर मध्य-क्रमांक तसेच ठेवून सगळ्या शक्य वाटण्या प्रत्यक्ष मोजाव्यात. पुस्तकांच्या शेवटी असलेले जुने तक्ते बरोबरी नसलेल्या क्रमांकांसाठी केलेले असतात, त्यांचा अशा वेळी उपयोग नाही. फवाऱ्यांच्या सोळा आकड्यांच्या अशा वाटण्या १२,८७० होतात, आणि एवढं काम आजचा साधा संगणक क्षणात करतो.

क्रमांक काढण्याआधी एक गोष्ट पाहून घ्यावी. संगणकात ०.१ + ०.२ आणि ०.३ या तंतोतंत एकच संख्या नसतात. टक्केवारी किंवा वजाबाकी करून आलेले आकडे डोळ्यांना सारखे दिसतात, पण संगणक त्यांना वेगवेगळे क्रमांक देऊन बसतो. पडद्यावर दोन सारखे आकडे असूनही त्यांचे क्रमांक वेगळे दिसले, तर आकडे मूळ मोजमापाच्या अचूकतेपर्यंत पूर्णांकित करावेत आणि क्रमांक पुन्हा काढावेत. मोजणाऱ्याला जिथे फरक दिसला नाही, तिथे तो चाचणीलाही दिसता कामा नये.