अकरा चाळीसची झोप

26 ऑगस्ट 1983. पुण्यात मुंढव्याच्या भारत फोर्जमध्ये पहिली पाळी चालू होती. सकाळी 11.40च्या सुमारास एक हेल्पर कामाच्या जागीच लोखंडी पत्र्यावर गाढ झोपलेला सापडला. त्याला आरोपपत्र मिळालं, खात्यांतर्गत चौकशी झाली आणि तो बडतर्फ झाला. प्रकरण कोर्टात गेलं आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला 18 जानेवारी 2005 रोजी. अर्ध्या तासाचीही नसेल त्या झोपेच्या निकालाला एकवीस वर्षं लागली.

मी तेव्हा भिवंडीत नवा होतो. मानकोलीच्या बाजूला गोदामं भराभर उभी राहत होती आणि एका गोदामात मी हजेरी, पगार आणि 'लेबरची भानगड' असं सगळंच बघायचो. निकालाची बातमी आली तसे आमचे साहेब खुशीत म्हणाले, "बघ, झोपला तरी काढता येतं!" भिवंडीतल्या बऱ्याच मालकांनी तो निकाल असाच वाचला. मीही काही वर्षं तसाच वाचला, याची आज लाज वाटते.

त्या निकालात खरं बघण्यासारखं वेगळंच होतं. लेबर कोर्टानं पहिल्याच टप्प्यावर चौकशी न्याय्य ठरवली होती. झोप सिद्ध झाली, यावर वाद उरला नव्हता. वाद होता तो शिक्षा फार कडक झाली का, एवढाच. महाराष्ट्राच्या 1971च्या अनुचित कामगार प्रथा कायद्यात एक कलम आहे. किरकोळ किंवा तांत्रिक स्वरूपाच्या गैरवर्तनाला, कामगाराची आधीची नोंद न पाहता, धक्का बसेल इतकी जबर शिक्षा देणं ही अनुचित प्रथा ठरते. त्याच आधारे लेबर कोर्टानं त्याला निम्म्या मागील पगारासह कामावर घ्यायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं मात्र बडतर्फी कायम केली, कारण त्याच्यावर आधीही तीनदा गैरवर्तन शाबित झालं होतं आणि तेव्हा सौम्य शिक्षेवर भागवलं होतं. म्हणजे मालकाला तारलं ते तारीख, वेळ आणि जागा नेमकी सांगणाऱ्या कागदानं आणि जपून ठेवलेल्या जुन्या नोंदींनी. झोपेनं नव्हे.

आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं, हे दोन वर्षांतच कळलं.

गोदामातून मिक्सरचे दोन खोके गेले. रात्रपाळीच्या एका लोडरला सुरक्षारक्षकानं पाहिलं, असं मॅनेजर म्हणाला. आरोपपत्र मीच लिहिलं. ते वाक्य अजून पाठ आहे: 'तुम्ही गोदामात वारंवार चोरी केली असून कंपनीचा विश्वास गमावला आहे, तरी तुम्हाला बडतर्फ का करू नये याचा 24 तासांत खुलासा करावा.' लिहिताना मला ते चांगलं ठसठशीत वाटलं होतं.

त्या एका वाक्यात तीन चुका आहेत. 'वारंवार' म्हणजे कधी? तारीख नाही, माल नाही, जागा नाही; मग माणूस खुलासा कशाचा करणार? 'चोरी केली असून' म्हणजे चौकशीआधीच दोषी ठरवून मोकळे झालो. आणि बडतर्फीची भाषा त्याच कागदात आली, म्हणजे शिक्षाही ठरलेली. आज तेच आरोपपत्र मी असं लिहीन: 'दि. 12 जून रोजी रात्री 2.15च्या सुमारास 3 नंबर गाळ्याच्या मागील शटरमधून तुम्ही मिक्सरचे दोन खोके गेटपासशिवाय बाहेर नेले, असा आरोप आहे. तो शाबित झाल्यास स्थायी आदेशांनुसार मालकाच्या मालमत्तेची चोरी या स्वरूपाचं गैरवर्तन ठरेल. 7 दिवसांत लेखी खुलासा द्यावा.' आधीची एखादी ताकीद शिक्षेच्या वेळी विचारात घ्यायची असेल, तर तिचाही तारखेसह उल्लेख करीन, म्हणजे त्याला त्यावरही बोलता येईल. कोणती शिक्षा होईल, याबद्दल मात्र त्या कागदात शब्दही नसेल.

चौकशी तर त्याहून भारी झाली. ज्या मॅनेजरनं तक्रार केली, तोच चौकशी अधिकारी म्हणून टेबलाच्या पलीकडे बसला. सुरक्षारक्षक आलाच नाही. त्याचा आधी लिहून घेतलेला जबाब मी वाचून दाखवला आणि लोडरला म्हटलं, "कर सही." तो तेलुगू भाषक, हिंदी जेमतेम, मराठी कागदावर अंगठ्याशेजारी सही करून गेला. तासाभरात सगळं आटोपलं. आम्ही त्याला 'कामाचा झपाटा' म्हणत होतो.

साक्षीदार कामगाराच्या समोर तपासावा, त्याला उलटतपासणी घेऊ द्यावी, त्याला स्वतःचे साक्षीदार आणू द्यावेत आणि अहवालात निष्कर्षाची कारणं लिहावीत, हे सर्वोच्च न्यायालयानं 'सूर एनॅमल'च्या खटल्यात 1963 सालीच सांगून ठेवलं होतं. आमच्यापर्यंत ते चव्वेचाळीस वर्षांत पोचलं नव्हतं. चौकशीची भाषा कामगाराला समजणारी हवी, ही तर साधी गोष्ट. भिवंडीत मागावर आणि गोदामात तेलुगू, उर्दू, भोजपुरी बोलणारी माणसं पिढ्यान्पिढ्या आहेत. दुभाष्या बसवायचा आणि रोजनाम्यात तशी नोंद करायची, एवढंच त्याला लागतं.

बडतर्फ झालेला लोडर कोर्टात गेला आणि कोर्टानं आमची चौकशी सदोष ठरवली. तिथंच सगळं संपत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. चौकशी रद्द झाली तरी आरोप कोर्टासमोर नव्यानं सिद्ध करायची संधी मालकाला मागता येते. 1973च्या फायरस्टोन निकालापासून हे स्पष्ट आहे. आम्ही ती संधी मागितली, मिळालीही. पण तोवर सिक्युरिटीची एजन्सी बदलली होती आणि तो रक्षक गावी गेला होता. आमच्या हातात उरला त्याचा एक कागद, ज्याला प्रश्न विचारता येत नाहीत. आरोप शाबित झाला नाही. शेवटी पैसे देऊन तडजोड झाली. त्यानं खोके नेले होते की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. नीट चौकशी केली असती, तर निदान ते तरी कळलं असतं.

पुढं मी स्वतः चौकशा घेऊ लागलो, दुसऱ्यांच्या आस्थापनांत, जिथं माझा तक्रारीशी संबंध नसे. सगळ्यात चकवणारी प्रकरणं न येणाऱ्या माणसाची. मुलुखाला गेलेल्या कामगाराची नोटीस 'पत्ता सोडून गेले' असा शेरा घेऊन परत येते आणि मालक म्हणतो, "आला नाही, म्हणजे गुन्हा कबूल." तसं नसतं. नोटीस इथल्या आणि गावच्या, दोन्ही पत्त्यांवर पाठवायची, फलकावर लावायची, वर्तमानपत्रात द्यायची. तरीही आला नाही, तर चौकशी एकतर्फी चालते. पण साक्षीदार तेव्हाही बोलवायचा आणि त्याची साक्ष लिहून घ्यायची. समोरची खुर्ची रिकामी आहे म्हणून पुरावा माफ होत नाही. सीसीटीव्हीचंही तसंच. आरोपपत्र निघायच्या आत चित्रण वेगळं काढून ठेवलं नाही, तर यंत्र त्यावर नवं चित्रण करून टाकतं. आणि जे चित्रण कामगाराला दाखवलं नाही, ते अहवालात वापरता येत नाही.

21 नोव्हेंबर 2025पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. निलंबित कामगाराची चौकशी साधारणपणे 90 दिवसांत संपवावी, असं तीत आहे. त्या काळात त्याला पगाराच्या निम्मा निर्वाह भत्ता द्यायचा. चौकशी त्याच्यामुळे नाही तर आपल्यामुळे लांबली, तर पुढं पाऊण. स्थायी आदेशांची सक्ती मात्र आता 300 किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी आहे. महाराष्ट्रात ती पूर्वी 50वर होती. मानकोली, पूर्णा, राहनाळच्या गाळ्यांत एका मालकाकडे 300 माणसं क्वचितच असतात. तेव्हा 'आम्हाला आता काही लागत नाही' हे वाक्य मी गेल्या काही महिन्यांत तीनदा ऐकलं. तिन्ही ठिकाणी मी त्यांना माझं 'वारंवार चोरी' असलेलं आरोपपत्र वाचून दाखवलं. त्याची झेरॉक्स अजून माझ्या बॅगेत असते.