व्हीपीएन जोडल्यावर अडकणारं पान

घरून काम करणाऱ्यांच्या ओळखीची ही गोष्ट आहे. सकाळी घरच्या वायफायवर हिशेबाची वेबसाइट उघडली, तासभर काम केलं, मग ऑफिसचा व्हीपीएन जोडला. त्या क्षणापासून तेच पान नुसतं फिरत राहतं. दुसऱ्या खिडकीत नवी वेबसाइट मात्र झटकन उघडते. इंटरनेट चालू, सर्व्हर चालू, तरी हे एकच पान का अडतं?

उत्तर टीसीपी या जुन्या नियमावलीत आहे. 1981 साली ठरलेल्या तिच्या रूपात प्रत्येक कनेक्शन चार गोष्टींनी ओळखलं जातं: आपला पत्ता, आपला पोर्ट, समोरचा पत्ता आणि समोरचा पोर्ट. यांतली एक जरी बदलली तरी सर्व्हरच्या दृष्टीने ते वेगळं कनेक्शन ठरतं. ब्राउझर तर वेग वाढावा म्हणून एकदा जोडलेलं कनेक्शन पुढच्या क्लिकसाठी उघडंच ठेवतो. सकाळचं कनेक्शन समजा 192.168.1.23 या वायफायच्या पत्त्यावरून सुरू झालं. व्हीपीएनने संगणकाला 10.8.0.6 हा दुसरा पत्ता दिला आणि सगळी वाहतूक आपल्या बोगद्यातून वळवली. जुनं कनेक्शन आपला पत्ता बदलू शकत नाही. त्याची पॅकेटं वायफायचा पत्ता घेऊनच बोगद्यात शिरतात, आणि पलीकडचा व्हीपीएन सर्व्हर, उदाहरणार्थ वायरगार्डचा, ती टाकून देतो, कारण त्या जोडणीकडून त्याला फक्त 10.8.0.6 अपेक्षित असतो.

खरी अडचण आहे ती या टाकून देण्याच्या शांतपणात. ‘नाही’ असं उत्तर आलं असतं तर ब्राउझरने लगेच नवं कनेक्शन जोडलं असतं. उत्तरच येत नाही, म्हणून टीसीपी समजतो की पॅकेट वाटेत हरवलं, आणि ते पुन्हा पाठवतो. प्रत्येक वेळी थांबण्याचा काळ साधारण दुप्पट होत जातो. लिनक्समध्ये नेहमीच्या मांडणीत असे 15 प्रयत्न होतात आणि हार मानेपर्यंत सुमारे पंधरा मिनिटं जातात. ब्राउझर सहसा त्याआधी सोडून देतो, पण डेटाबेसला जोडलेली किंवा मागे चालणारी साधी सॉफ्टवेअर खरोखर तितका वेळ ताटकळतात. लिनक्सवर हे डोळ्यांनी पाहता येतं:

```
$ ss -tn
State  Recv-Q  Send-Q  Local Address:Port   Peer Address:Port
ESTAB  0       1384    192.168.1.23:51514   203.0.113.20:443
```

नोंद ‘ESTAB’, म्हणजे कनेक्शन जिवंत असल्याची. पण Send-Q मधले 1384 बाइट पोचपावतीविना पडून आहेत. काही सेकंदांनी पुन्हा पाहिलं तरी हा आकडा उतरत नसेल आणि पत्ता वायफायचा असेल, तर निदान जवळजवळ नक्की झालं.

हा शांत प्रकार टाळण्यासाठीच क्रोम दुसरं टोक गाठतो. संगणकाचा पत्ता बदलल्याचं कळताच तो जुनी कनेक्शनं स्वतःच बंद करतो, आणि त्या वेळी चालू असलेल्या मागण्या ERR_NETWORK_CHANGED म्हणत संपतात. लोक या संदेशावर वैतागतात, पण पंधरा मिनिटांच्या मौनापेक्षा तो कितीतरी प्रामाणिक आहे. एक फट मात्र उरते. व्हीपीएन जोडताना आधी पत्ता मिळून मग मार्ग बदलत असेल, तर त्या मधल्या क्षणी जोडलेलं नवं कनेक्शनही वायफायच्याच पत्त्यावर सुरू होतं आणि लगेच निकामी होतं. म्हणून व्हीपीएन पूर्ण जोडला जाईपर्यंत दोन-चार सेकंद थांबून मग पान ताजं करावं.

अडलेलं पान नव्याने उघडलेल्या इनकॉग्निटो खिडकीत पाहावं. तिची कनेक्शनं वेगळी असतात. तिथे उघडलं, तर दोष जुन्या कनेक्शनचा असण्याची शक्यता मोठी. मग chrome://net-internals/#sockets वर जाऊन ‘Flush socket pools’ दाबलं की ब्राउझर बंद न करता काम भागतं. इनकॉग्निटो खिडकीतही अडलं, तर नावावरून पत्ता शोधण्याची व्यवस्था किंवा व्हीपीएनचा मार्ग तपासायला हवा.

व्हीपीएनला हातही न लावता ERR_NETWORK_CHANGED हा संदेश वारंवार येत असेल, तर संगणकाचे पत्ते मागच्या मागे बदलत असतात. डॉकरची आभासी नेटवर्क किंवा आयपीव्ही६ चे येत-जात राहणारे पत्ते हे नेहमीचे संशयित. लिनक्सवर `ip monitor address` चालू ठेवावं. संदेश येतो त्याच क्षणी तिथे ओळ उमटली, तर कोणत्या नेटवर्कमुळे, हेही त्या ओळीत दिसतं.

पैसे भरताना किंवा अर्ज पाठवताना हा संदेश आला, तर मात्र घाईने पुन्हा बटण दाबू नये. कनेक्शन तुटलं ते उत्तर येण्याआधी. मागणी सर्व्हरपर्यंत पोचली होती की नाही, हे ब्राउझरला माहीत नसतं. आधी खात्याची नोंद पाहावी.

2021 साली प्रमाणित झालेल्या क्विकने मुळावरच उपाय केला. त्यात कनेक्शनला स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक असतो, त्यामुळे पत्ता बदलला तरी संवाद पुढे चालू ठेवण्याची सोय आहे. पण क्विक यूडीपीवर चालतो, आणि ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यूडीपीची ती वाट अडवलेली असेल तर ब्राउझर मुकाट्याने टीसीपीकडे वळतो.