यादी आणि वृक्ष : नवी नावे वारंवार येतात तेव्हा

आजचा प्रश्न साधा आहे. नावांची यादी कायम अकारविल्हे लावलेली हवी आणि तिच्यात रोज नवी नावे घालायची आहेत. संगणकाच्या स्मृतीत ती कशी ठेवावी?

पहिला मार्ग ॲरेचा. ॲरे म्हणजे एकाला एक लागून असलेल्या खणांची रांग. समजा, एका ग्रंथालयाच्या सभासदांची सात आडनावे अशी आहेत : आपटे, ओक, काळे, जोशी, देव, पाटील, साने. आता गोरे आले. त्यांची जागा काळे आणि जोशी यांच्यामध्ये. पण तिथे रिकामा खण नाही. म्हणून आधी साने एक खण पुढे, मग पाटील, मग देव, मग जोशी. चार जणांना उठवल्यावर गोरे बसतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. जागा शोधायला वेळ लागलाच नाही. क्रमवार ॲरेत मधले नाव पाहून अर्धी यादी बाजूला टाकता येते, उरलेल्यातली पुन्हा अर्धी. अशा रीतीने 1 लाख नावांतही 17 तुलनांत जागा सापडते. खर्च आहे तो सरकवण्याचा. 1 लाख नावे असतील तर एका नव्या नावासाठी सरासरी 50 हजार नावे सरकतात. रिकाम्या यादीपासून एकेक करत 1 लाख नावे भरली, तर एकूण सुमारे 250 कोटी सरकवण्या होतात. यादी दुप्पट झाली की हा आकडा चौपट होतो.

आता दुसरा मार्ग, वृक्षाचा. इथे नावे शेजारी शेजारी असण्याची गरजच नाही. प्रत्येक नावाजवळ दोन पत्ते लिहिलेले असतात : आधीच्या नावांकडे जाणारा डावा, नंतरच्या नावांकडे जाणारा उजवा. आपल्या सात नावांत मुळाशी जोशी ठेवू. त्यांच्या डावीकडे ओक, उजवीकडे पाटील. ओकांच्या खाली आपटे आणि काळे; पाटलांच्या खाली देव आणि साने.

गोरे आले. जोशींच्या आधी, म्हणून डावीकडे. ओकांच्या नंतर, म्हणून उजवीकडे. काळ्यांच्या नंतर, म्हणून पुन्हा उजवीकडे. आणि तिथे जागा रिकामी आहे. काळ्यांजवळ गोऱ्यांचा पत्ता लिहिला की काम संपले. तीन तुलना, एक नवा पत्ता. कुणालाही उठावे लागले नाही.

पण यात एक खोड आहे. नावे आधीच क्रमाने आली तर? आपटे मुळाशी, त्यांच्या उजवीकडे ओक, ओकांच्या उजवीकडे काळे. फांदी फुटतच नाही. वृक्ष म्हणायचा, पण ती सरळ काठी होते, आणि 1 लाखावे नाव घालायला आधीची सगळी नावे चढून जावी लागतात. तुमचा वृक्ष असा बिघडतो का हे पाहायचे असेल, तर त्याला मुद्दाम क्रमवार यादी द्या. यादी दुप्पट केल्यावर भरण्याचा वेळ चौपट होऊ लागला, तर काठी झाली असे समजा.

यावरचा उपाय 1962 साली सोव्हिएत गणिती अडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस यांनी मांडला. त्यांचा नियम असा : कोणत्याही नावाच्या डाव्या आणि उजव्या बाजूंच्या उंचीत एकाहून अधिक फरक नसावा. काळे आल्याबरोबर आपट्यांची उजवी बाजू दोन पायऱ्यांनी जड होते. तेव्हा ओकांना वर घ्यायचे, आपट्यांना त्यांच्या डावीकडे उतरवायचे. काळे उजवीकडे आहेतच. क्रम तसाच राहिला, तोल सावरला. बदलले ते दोन-तीन पत्तेच. हा नियम पाळला की 1 लाख नावांचा वृक्ष 24 पायऱ्यांपेक्षा उंच होत नाही. यादी दुप्पट झाली तर फार तर एकदोन पायऱ्या वाढतात.

मग ॲरे टाकून द्यायचा का? नाही. प्रत्येक नावाजवळचे दोन पत्ते जागा खातात. शिवाय शेजारी शेजारी ठेवलेली नावे ओळीने वाचणे संगणकाला फार सोपे जाते. वृक्षात त्याला स्मृतीत इकडून तिकडे उड्या माराव्या लागतात. म्हणून काही डझन नावांच्या यादीत सरकवणेच बहुधा स्वस्त पडते. आणि नवे सभासद वर्षातून एकदाच नोंदवायचे असतील, तर सगळी नावे शेवटी जोडून एकदाच क्रम लावावा. ॲरे पुरेसा आहे.

तेव्हा निवड करताना यादी किती मोठी आहे एवढेच विचारू नका. एका नव्या नावापासून दुसऱ्या नव्या नावापर्यंत ती किती वेळा वाचली जाते, हेही विचारा. वाचन फार आणि भर क्वचित, तर ॲरे. यादी मोठी, भर सतत आणि क्रम दर क्षणी हवा, तर तोल सांभाळणारा वृक्ष.