पट्टी वाढली, सोयाबीन घटलं

ऑक्टोबर २०२५ मध्ये देशातली किरकोळ महागाई ०.२५ टक्क्यावर उतरली, ही बातमी वाचून येलदरीच्या एका वाचकांनी विचारलं, ‘मग किराण्याचं बिल का उतरत नाही?’

उत्तर तीन आकड्यांत आहे. ग्राहक किंमत निर्देशांक (२०१२ = १००) ऑक्टोबर २०२३ मध्ये १८५.३ होता, पुढच्या ऑक्टोबरात १९६.८ आणि त्यापुढच्या ऑक्टोबरात १९७.३. आताच्या निर्देशांकाला वर्षापूर्वीच्या निर्देशांकाने भागायचं, त्यातून एक वजा करायचा आणि शंभराने गुणायचं. पहिल्या वर्षी ६.२१ टक्के येतात, दुसऱ्या वर्षी ०.२५. म्हणजे भाव चढले होते तिथेच सरासरीने थांबले, खाली आले नाहीत. त्यातही भाज्या आणि डाळी बऱ्याच उतरल्या, खाद्यतेल मात्र चढलं. दोन वर्षांची मिळून वाढ जवळजवळ साडेसहा टक्के आहे आणि बिलावर दिसते ती हीच. पहिल्या वर्षी निर्देशांक ११.५ अंकांनी वाढला, म्हणून महागाई साडेअकरा टक्के म्हणणारेही भेटतात; भागाकार राहून गेला की असं होतं.

आता उत्पन्नाकडे वळू. येलदरीच्या शिवारात एकाला २०२३ साली २० क्विंटल सोयाबीन झालं, पुढच्या वर्षी १९, असं समजू. बाजारात भाव हमीभावाच्या खाली जातो हे शेतकऱ्याला सांगायला नको, पण हिशेबापुरता हमीभावच धरू: आधी ४,६०० रुपये, मग ४,८९२. पट्टी ९२,००० वरून ९२,९४८ रुपयांवर गेली. चालू किमतींनी वाढ एक टक्का. दुसऱ्या वर्षीचं पीक जुन्याच भावाने मोजा: १९ गुणिले ४,६००, म्हणजे ८७,४००. वास्तव वाढ उणे पाच टक्के! मला इथे येलदरी धरणाच्या पायथ्याचं वीजघर आठवतं. विजेचा दर कितीही वाढवा, मीटरवर युनिटं तेवढीच पडतात. वास्तव वाढ म्हणजे ती युनिटं.

देशाच्या उत्पादनाचंही असंच करतात, फक्त तिथे वस्तू असंख्य असतात. २०२४-२५ च्या तात्पुरत्या अंदाजात चालू किमतींनी वाढ ९.८ टक्के होती आणि स्थिर किमतींनी ६.५. १.०९८ ला १.०६५ ने भागलं की उत्पादनाच्या किमती सुमारे ३.१ टक्क्यांनी वाढल्याचं कळतं. त्याच वर्षी ग्राहक महागाई मात्र सरासरी ४.६ टक्के होती. दोन्ही आकडे बरोबर आहेत. एकात देशात जे पिकतं-बनतं त्याचे भाव आहेत, दुसऱ्यात घर जे विकत घेतं त्याचे.

म्हणून कोणता निर्देशांक लावायचा, हे प्रश्नावर ठरतं. पीक किती आलं हे हवं, तर सोयाबीनचा भाव काढून टाका. त्या पैशात घर किती चालेल हे हवं, तर ९२,९४८ ला १.०४६ ने भागा. येतात ८८,८६० रुपये, म्हणजे आदल्या वर्षीच्या ९२,००० पेक्षा तीन हजारांहून अधिक कमी.